सात हिऱ्यांचा एक हिरा: गुच्छातल्या बारीक हिऱ्यांची किंमत कशी ओळखायची

सराफाच्या काउंटरवर हिऱ्याच्या कुड्यांची जोडी ठेवलेली असते. लांबून प्रत्येक कुडीत एकच टपोरा हिरा वाटतो. जवळ घेतली की कळतं, मधे एक आणि भोवती सहा, असे सात बारीक हिरे खेटून बसवलेत. दुकानदार सांगतो, "दिसायला एक-एक कॅरेट, किंमत मात्र पाव-निम्मी." सोनं महागल्यापासून कमी सोन्याचे, बारीक हिऱ्यांचे असे दागिने घराघरात घेतले जातात, आणि प्रश्न तोच येतो: कार्डावर "जी-एच, व्हीएस" लिहिलंय, म्हणजे नक्की काय घेतलं? मोडायला गेल्यावर हेच हिरे दुसरा सराफ खालच्या प्रतीचे का म्हणतो?

यात लबाडी नसतेच असं नाही. पण मोठा भाग या धंद्याच्या रीतीचा आहे, आणि ती रीत समजली की हिशेब आपल्यालाही करता येतो.

आधी एका शब्दाचा घोळ

मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना आपण "कॅरेट" म्हणतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता: १८ कॅरेट सोन्यात हजारातले ७५० भाग शुद्ध सोनं. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन: एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. पावतीवर हे दोन्ही शेजारीशेजारी येतात आणि तिथेच अनेकांची गल्लत होते. या लेखात शुद्धतेबद्दल बोलायचं असेल तिथे "सोन्याचा" असं स्पष्ट लिहिलंय, बाकी सगळीकडे कॅरेट म्हणजे वजन.

दिसतं एक कॅरेट, असतं पाव

सात सारखे गोल हिरे फुलासारखे बसवले, की फुलाची रुंदी एका हिऱ्याच्या तिप्पट होते. कॅरमच्या सोंगट्या घेऊन बघा, मधे एक ठेवली की भोवती बरोबर सहा बसतात. वरून बघताना ही सात वर्तुळं त्या मोठ्या वर्तुळाची जवळजवळ ७८ टक्के जागा भरतात, म्हणून डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही.

वजनाचा मामला वेगळा. हिऱ्याला रुंदीबरोबर खोलीही असते, त्यामुळे व्यास तिप्पट झाला की वजन तिप्पट होत नाही, तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सत्तावीसपट होतं. सात हिऱ्यांचं वजन सात भाग, तर तेवढ्याच रुंदीच्या एका हिऱ्याचं सत्तावीस भाग. म्हणजे गुच्छात मोठ्या हिऱ्याच्या जेमतेम चौथा भाग वजन असतं. हे भूमितीच आहे, कोणी काही लपवलेलं नाही.

आपल्याकडे या बसवणुकीला बाजारात "प्रेशर सेटिंग" म्हणतात. हिऱ्यांच्या मधे सोन्याचे दाते जवळजवळ नसतात. बाहेरच्या कडेने दाब देऊन सातही हिरे एकमेकांना टेकवून धरलेले असतात. मधलं सोनं दिसत नाही, म्हणून एकसंध हिऱ्याचा भास होतो.

दुसरा प्रकार ताटलीचा. एका छोट्या हिऱ्याभोवती पांढऱ्या सोन्याची, चकचकीत पैलू कोरलेली कडी बसवतात. याला इल्यूजन सेटिंग किंवा मिरॅकल प्लेट म्हणतात. पाच सेंटचा हिरा साधारण २.४ मिलिमीटरचा. तो ४ मिलिमीटरच्या ताटलीत बसवला की तेवीस-चोवीस सेंटचा वाटतो. ओळखायला सोपं आहे: दागिना बोटांत धरून हळूहळू तिरका करा. हिऱ्यातून रंगीत ठिणग्या उडतात आणि चमक आत खोल हलताना दिसते. धातूच्या पैलूंची चमक पांढरी, सपाट, आरशासारखी असते, आणि भिंगातून त्यावर कोरणीच्या बारीक समांतर रेघा दिसतात.

प्रत सैल का लावली जाते?

मोठ्या हिऱ्याची प्रत कशी ठरते ते आधी बघू. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेची पट्टी जगभर चालते. रंगाला डी ते झेड अशी अक्षरं: डी म्हणजे रंगहीन, पुढे पुढे पिवळसर. आतल्या खोटींसाठी, म्हणजे शुद्धतेसाठी, वरून खाली पायऱ्या: व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आय. ही परीक्षा सुट्या हिऱ्याची होते. हिरा पालथा ठेवून बाजूने रंग बघतात, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडतात, दहापट भिंगातून खोटी शोधतात. जीआयएचे प्रतवारीचे अहवाल फक्त सुट्या हिऱ्यांचेच असतात.

दोन-तीन सेंटच्या हिऱ्याला हे सगळं का करत नाहीत? पहिलं कारण सरळ आहे: एका हिऱ्याची नीट परीक्षा करण्याचा खर्च त्या हिऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. म्हणून सुरतेत घासून आलेला बारीक माल मुंबईच्या बाजारात पुडीने विकला जातो. एका पुडीत शेकडो हिरे. चाळणीतून आकारानुसार वेगळे केलेले, मग डोळ्याने रंग आणि शुद्धतेचे ढीग पाडलेले. घेणारा पांढऱ्या कागदावर थोडे पसरतो, चिमट्याने हलवतो आणि सरासरीवर भाव बोलतो. आपण आंबेमोहोर घेताना मूठभर तांदूळ तळहातावर पसरून तुकडा किती, खडा किती ते बघतो ना, तसंच. दाणा दाणा कोणी तपासत नाही. "जी-एच, व्हीएस-एसआय" ही जोडीने लिहिलेली प्रत म्हणजे मुठीची प्रत, दाण्याची नव्हे. अशा मुठीत एक-दोन दाणे आय-जे रंगाचे निघाले तरी बाजाराच्या भाषेत पुडी जी-एचच असते.

दुसरं कारण डोळ्याचं आहे. कोकम सरबत पेल्यात लालभडक दिसतं, तेच चमच्यात घेतलं तर फिकं गुलाबी. हिऱ्याचा पिवळेपणाही तसाच. प्रकाशाला हिऱ्यातून जितकं कमी अंतर कापावं लागतं तितका रंग कमी जाणवतो. दोन मिलिमीटरच्या हिऱ्यात जी आणि आय यांतला फरक सरावलेल्या डोळ्यालाही ठामपणे सांगता येत नाही. मग तो फरक एका अक्षराने लिहिणं हाच खोटा नेमकेपणा ठरतो.

तिसरं कारण कोंदणाचं. हिरा जडवला की बाजू आणि खालची बाजू झाकली जाते. पिवळ्या सोन्यात तो उबदार दिसतो, पांढऱ्या सोन्यात जास्त पांढरा. कडेची खोट दात्याखाली जाते. प्रेशर सेटिंगमधे शेजारचा हिरा आपली चमक देतो. म्हणून दागिन्यांची कार्डं देणाऱ्या प्रयोगशाळाही "कोंदणातून जितकं दिसतं त्यावरून" अशा अर्थाची ओळ छापतात, आणि वजन अनेकदा "अंदाजे" असतं. ती ओळ बारीक अक्षरात असते. सगळ्यात आधी तीच वाचा.

मग सैल प्रत म्हणजे फसवणूक?

सैल आणि खोटी यांत फरक आहे. "जी-एच" म्हणून जी, एच आणि थोडे आय असा माल दिला, तर ती बाजाराची सैल प्रत. "ई-एफ, व्हीव्हीएस" लिहून के रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा माल दिला, तर तो खोटेपणा. ग्राहकाचं नुकसान बहुतेक वेळा मधल्या पट्ट्यात होतं: माल सरासरीने एक पायरी खालचा, भाव मात्र वरच्या पायरीचा. कार्डावरची अक्षरं या फटीला आधार देतात, कारण कोंदणातल्या बारीक हिऱ्यावर "ही अक्षरं चूक" असं सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की बारीक हिऱ्यांच्या दागिन्यात अक्षरांना कमी मान द्या, मिलिमीटरला आणि पाण्याला जास्त.

पाणी कसं बघायचं

जुने जवाहिरे हिऱ्याचं "पाणी" बघायचे. बारीक हिऱ्यात आजही तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. दोन मिलिमीटरच्या हिऱ्यातली एसआय प्रतीची खोट साध्या डोळ्याला दिसत नाही. तिच्यासाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे कोणालाच न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे. पण हिरा दुधाळ असेल, तपकिरी झाक असेल किंवा बरोबर मधे काळा ठिपका असेल, तर तो गुच्छात बसूनही मेलेला दिसतो आणि शेजाऱ्यांचीही चमक उतरवतो.

दागिना आधी पुसायला सांगा, बोटांचं तेल हिऱ्याला लगेच चिकटतं. काउंटरवरच्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली सगळेच हिरे नाचतात, म्हणून दुकानाच्या दाराशी, सावलीतल्या दिवसाच्या उजेडात या. पाठीमागे पांढरा कागद धरा. आता दागिना हातभर लांब धरा आणि हळू फिरवा. सातातला एखादा सतत काळवंडलेला किंवा धुरकट राहतोय का, एखादा पिवळट वेगळा पडतोय का? तसा नसेल तर जुळवणी चांगली आहे, आणि गुच्छात जुळवणीलाच किंमत असते.

मग दहापट भिंग घ्या. भिंग डोळ्याला लावून दागिना त्याच्याजवळ आणा, साधारण एका इंचावर नीट दिसतं. इथे पैलू मोजण्याची गरज नाही, पण एक फरक बघाच. पूर्ण घासलेल्या गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. स्वस्त आणि जुन्या गुच्छांत अनेकदा १७-१८ पैलूंचा "सिंगल कट" असतो. वरच्या सपाट अष्टकोनी तबकाभोवती फक्त आठच मोठे पैलू दिसले तर तो सिंगल कट. त्याची चमक कमी ठिकाणी पण मोठ्या ठोक्याने येते. फार बारीक हिऱ्यात हे वाईट दिसत नाही, मात्र पूर्ण पैलूंचा भाव त्याला लावू देऊ नका.

मिलिमीटरवरून वजन

हा या लेखाचा गाभा आहे. नीट घासलेल्या गोल हिऱ्याचं वजन त्याच्या व्यासावरून काढता येतं:

व्यास × व्यास × व्यास × ०.००३६६ = कॅरेट

(व्यास मिलिमीटरमधे, हिऱ्याची खोली व्यासाच्या ६० टक्के धरली आहे.)

लक्षात ठेवायला चार खुणा पुरेत: १.४ मिलिमीटर म्हणजे सुमारे १ सेंट, २ मिलिमीटर म्हणजे ३ सेंट, ३ मिलिमीटर म्हणजे १० सेंट आणि ६.५ मिलिमीटर म्हणजे १ कॅरेट.

बहुतेक सराफांकडे व्हर्नियर किंवा डायल गेज असतो. "जरा एक हिरा मोजून दाखवा" असं म्हणायला संकोच नको. प्रेशर सेटिंगमधे एकेक हिऱ्याची कड सापडणं कठीण असेल तर पूर्ण फुलाची रुंदी मोजून तीनने भागा. ताटलीत मात्र पूर्ण रुंदी मोजायची नाही, भिंगातून हिरा जिथे संपतो तिथवरच.

मर्यादाही सांगायला हवी. काही हिरे मुद्दाम पसरट घासलेले असतात. व्यास मोठा, खोली कमी, म्हणून खरं वजन सूत्रापेक्षा कमी. काहींची कड जाड असते, तिथे उलट. त्यामुळे दहा टक्के इकडेतिकडे धरून चाला. कार्डावरचं वजन त्याहून बरंच जास्त असेल तर विचारायला हवं.

एक जोडी, पूर्ण हिशेब

समजा आपल्यासमोर त्याच कुड्या आहेत. फुलाची रुंदी ६.६ मिलिमीटर, म्हणजे एक हिरा २.२ मिलिमीटरचा. सूत्राने एका हिऱ्याचं वजन ०.०३९ कॅरेट, चार सेंटला थोडं कमी. दोन्ही कुड्यांचे चौदा हिरे मिळून ०.५५ कॅरेट. कार्डावर ०.५६ असेल तर ठीक, तो फरक काहीच नाही. ०.७० लिहिलं असेल तर सव्वापटीहून जास्त झालं, तिथे थांबायचं.

आता पैसे. पुढचे दर फक्त हिशेब कळावा म्हणून गोल धरले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हे. शुद्ध सोनं १२,००० रुपये ग्रॅम, तर सोन्याचा १८ कॅरेट ९,००० रुपये. जोडीचं एकूण वजन ४.२०० ग्रॅम. ०.५६ कॅरेट हिरे म्हणजे ०.११२ ग्रॅम. ते वजा केले की निव्वळ सोनं ४.०८८ ग्रॅम, किंमत ३६,७९२ रुपये. सोन्याचे पैसे एकूण वजनावर लावले असतील तर १,००८ रुपये जास्त गेले. हिऱ्याचं वजन सोन्याच्या दराने विकलं गेलं.

हिऱ्याला जी-एच, व्हीएसचा भाव समजा ६०,००० रुपये कॅरेट. ०.५६ कॅरेटचे ३३,६०० झाले. घडणावळ सोन्याच्या १५ टक्के, ५,५१९ रुपये. एकूण ७५,९११, त्यावर ३ टक्के जीएसटी, मिळून ७८,१८८ रुपये.

आता माल खरं तर आय-जे, एसआय असेल आणि त्याचा भाव ४०,००० धरला, तर हिऱ्यांचे फक्त २२,४०० होतात आणि सगळी जोडी ६६,६५२ रुपयांना पडते. एका अक्षराच्या जोडीत साडेअकरा हजारांचा फरक, आणि तो फरक दोन मिलिमीटरच्या हिऱ्यात डोळ्याला धड दिसतही नाही. म्हणून पाणी चांगलं आणि जुळवणी नीट असेल तर आय-जे, एसआयचा माल त्याच नावाने, त्याच भावाने मागा. त्यात काही कमीपणा नाही.

"पण एकूण अर्धा कॅरेट तर आहे ना?"

आहे, पण अर्ध्या कॅरेटच्या एका हिऱ्याशी त्याची तुलना होत नाही. मोठा हिरा दुर्मिळ, म्हणून आकार वाढतो तसा कॅरेटमागचा भावही चढतो. चार सेंटच्या चौदा हिऱ्यांचा कॅरेटचा भाव चार सेंटच्या मालाचाच असणार. जाहिरातीत "एकूण वजन" ठळक असेल तर प्रत्येक हिरा किती सेंटचा आणि किती नग, हे विचारल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी आहे.

हॉलमार्क आहे, मग काळजी कशाला?

हॉलमार्क आणि त्यासोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेबद्दल बोलतो. हिऱ्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही.

दुकानातला हिरा तपासायचा पेनासारखा टेस्टरही अर्धंच सांगतो. तो उष्णता किती लवकर वाहते ते मोजतो, त्यामुळे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा त्याच्या लेखी हिराच असतो (आणि तो खरोखर हिराच आहे, फक्त खाणीतला नाही). मॉइसनाइट हा हुबेहूब खडाही साध्या टेस्टरवर हिरा म्हणून निघून जातो. बारीक हिऱ्यात टोक चुकून सोन्याला लागलं तर निकाल चुकीचा येतो. बारीक खाणीच्या मालात प्रयोगशाळेचे हिरे मिसळले जाणं ही या धंद्याची खरी डोकेदुखी आहे आणि ते वेगळे करायला मोठी यंत्रं लागतात. म्हणून पावतीवर "नैसर्गिक हिरे" किंवा "प्रयोगशाळेत वाढवलेले" हे शब्द हवेतच. प्रयोगशाळेचे हिरे बरेच स्वस्त मिळतात, म्हणून हे न लिहिलेलं कार्ड अपुरं समजा.

मोडताना काय हातात येतं

वरच्या उदाहरणात घडणावळ आणि जीएसटी मिळून साडेसात हजारांहून जास्त होतात, ते परत येत नाहीत. त्याच दुकानाने हिऱ्यावर २० टक्के कापले तर २६,८८० अधिक सोन्याचे ३६,७९२, असे ६३,६७२ मिळतील, तेही सोन्याचा दर तोच राहिला तर. दुसरा सराफ मात्र हे हिरे पुन्हा पुडीतला माल म्हणून बघणार. काढताना एखादा फुटू शकतो, नवी जुळवणी करावी लागते आणि कार्डावरची प्रत तो मानायला बांधील नाही. काही सराफ इतक्या बारीक हिऱ्यांचे पैसेच धरत नाहीत.

वापरताना एक गोष्ट सांभाळा. प्रेशर सेटिंगमधे सातही हिरे एकमेकांच्या आधाराने उभे असतात. एक निखळला की उरलेले सहा सैल होतात, आणि दोन दिवस तसंच घातलं की आणखी एखादा जातो. कानाजवळ धरून हलक्या हाताने टिचकी मारली आणि किणकिण ऐकू आली, तर दागिना लगेच काढून डबीत ठेवा. असे हिरे थरथरणाऱ्या यंत्रात, म्हणजे अल्ट्रासॉनिकमधे, धुवू नका. कोमट पाणी, भांडी घासायचं थोडं द्रव आणि मऊ ब्रश पुरतो, खाली ताटली ठेवून. मिरॅकल प्लेटची चकाकी ऱ्होडियमच्या मुलाम्याची असते. तो झिजला की ताटली पिवळट, ओरखड्यांची दिसते आणि मधला पाच सेंटचा हिरा एकदम पाच सेंटचाच दिसू लागतो. मुलामा पुन्हा देता येतो. त्याचा खर्च आधी विचारून ठेवा.

पावती घेताना या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा: एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन आणि त्याची शुद्धता, हिऱ्यांचे नग, एकूण कॅरेट, रंग आणि शुद्धतेचा पट्टा, हिऱ्याचा कॅरेटमागे दर, घडणावळ, आणि परत घेताना कुठल्या रकमेवर किती टक्के कापणार. हिऱ्याचा दर वेगळा न लिहिता "दागिन्याची किंमत" असा एकच आकडा देणारं दुकान असेल, तर कुड्या कितीही सुंदर असल्या तरी पैसे देण्याआधी दुसऱ्या दुकानात तशीच जोडी मोजून या.